टंगस्टन, टायटॅनियमची अंगठी घेताय? या चुका टाळा

साखरपुड्याला हल्ली मुलासाठी काळी किंवा स्टीलसारखी चमकणारी टंगस्टनची अंगठी घेतात, आणि साइज थोडी चुकली तरी सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, सोनाराकडे नेऊ की. तीच पहिली चूक. सोन्याची अंगठी कापून, तुकडा घालून किंवा काढून, टाका मारून परत जोडता येते. टंगस्टन म्हणजे खरं तर टंगस्टन कार्बाइडची पूड, निकेल किंवा कोबाल्ट मिसळून दाबून भाजलेली, ती ना वाकत ना ताणली जात ना टाका घेते, त्यामुळे साइज चुकली की बदलून दुसरीच घ्यायची, म्हणून घेतानाच एक्सचेंजचं बिलावर लिहून घ्या. टायटॅनियम सोनाराच्या ज्योतीवर तापवलं की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून जोड नाही, फारतर आतून लेथवर घासून जराशी मोठी होते, लहान तर नाहीच. कोबाल्ट क्रोम या मिश्रधातूच्या अंगठीचंही साधारण तसंच.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बोट सुजलं, अंगठी अडकली, आणि घरातलं कोणीतरी हॅकसॉ ब्लेड घेऊन बसतं. टंगस्टनवर ब्लेडच बोथट होतं, कॅज्युअल्टीतला साधा रिंग कटरही चालत नाही. पण टंगस्टन ठिसूळ असतं, ते फोडायचं असतं! व्हाइस ग्रिप म्हणजे दाबली की लॉक होणारी पक्कड अंगठीवर नुसती टेकेल एवढी सेट करायची, सोडायची, मागचा स्क्रू किंचित फिरवायचा, परत दाबायची, असं करत गेलं की कट्ट आवाज येऊन तडा जातो, मग थोडी फिरवून दुसरीकडे दाबायची. अंगठी न वाकता तडकते म्हणून बोट चेपत नाही, मात्र कपचे उडतात, चष्मा घालाच आणि वरून फडकं टाका.

हीच पक्कड टायटॅनियमवर लावलीत तर ते तडकणार नाही, चेपून बोटात रुतेल. टायटॅनियम कापावंच लागतं, तेही समोरासमोर दोन ठिकाणी, कारण एक काप देऊन ते सोन्यासारखं फाकवता येत नाही. डायमंड डिस्क लागली तर घर्षणाने अंगठी तापते, मध्येमध्ये पाणी सोडत राहायचं. कोबाल्ट क्रोमही कापायचंच, फक्त अजून चिवट. हे घरी करू नका, आणि बोट निळं किंवा बधिर पडलं असेल तर धातू कुठला का असेना, थेट हॉस्पिटल गाठा. तसं नसेल तर आधी हात वर धरणं, गार पाणी, साबण एवढं जरूर करून बघा.

कुठली अंगठी आहे हेच माहीत नसतं ही तिसरी गडबड. हातात घेतली की वजनावरून कळतं, टंगस्टन चांगलीच जड, टायटॅनियम प्लास्टिकसारखी हलकी, कोबाल्ट क्रोम मधली. हॉस्पिटलात सांगायला नाव लक्षात असू द्या.

आणि माप देताना आईची बारीक सोन्याची अंगठी नेऊ नका. ८ मिमी रुंद अंगठी त्याच मापात घट्ट बसते, तेवढ्याच रुंदीच्या सॅम्पलवर, संध्याकाळी, बोटं जरा फुगलेली असताना माप घ्या.