अहवालात समित्यांची कामं नेमकी कशी मांडली

आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात वित्त समिती आणि लेखापरीक्षण समिती, दोघीही ‘आर्थिक कारभारावर देखरेख’ करत होत्या. अंतिम निर्णय कुणाचा, हे वाचणाऱ्याला कळतच नव्हतं. मी समित्या नेमल्याचे ठराव आणि वर्षभराची इतिवृत्तं समोर ठेवली. त्यांत स्पष्ट होतं: वित्त समिती अंदाजपत्रकाची शिफारस करते, मंजुरी विश्वस्त मंडळ देतं, लेखापरीक्षकाचे आक्षेप लेखापरीक्षण समिती थेट मंडळापुढे नेते. तसंच लिहिलं.

खरी अडचण त्यानंतर दिसली. कोषाध्यक्ष दोन्ही समित्यांवर होते, म्हणजे स्वतःच्याच हिशेबाची तपासणी! हे शब्द बदलून झाकण्यासारखं नव्हतं. मंडळाने त्यांना लेखापरीक्षण समितीतून मोकळं केलं. पण अहवालाच्या वर्षात ते सदस्य होतेच, म्हणून त्यांचं नाव यादीत ठेवून बदलाची तारीख खाली नोंदवली.