मोठ्या ब्रँडची एजन्सी घेण्याआधी मी मांडलेला हिशोब

शृंगारतळीत आमचं किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी बिस्किट-फरसाणाच्या एका मोठ्या कंपनीचा सेल्स ऑफिसर आला नि गुहागर तालुक्याची एजन्सी घ्या म्हणाला. डिपॉझिट १ लाख, टार्गेट महिन्याला ८ लाख, मार्जिन ८ टक्के. मी मनातल्या मनात महिन्याचे ६४ हजार मोजून मोकळा, बायको म्हणाली आधी कागद वाचा.

कागदात ५ टक्केच पक्के होते. २ टक्के तिमाही टार्गेट पुरं झालं तर, आणि १ टक्का दुकानांतल्या डिस्प्लेचे फोटो पास झाले तर, तेही क्लेम टाकून मागायचे. म्हणून मी ५ टक्केच धरले, म्हणजे ४० हजार. टेम्पो घरचाच, तरी डिझेल-मेंटेनन्स १२ हजार, ड्रायव्हर ११, गोडाऊन भाडं ४, हमाली नि किरकोळ २, असा २९ हजार खर्च. उरले ११ हजार, त्यात माझा पगार नाहीच.

आता पैसा किती अडकतो ते बघा, नवीन माणूस फक्त डिपॉझिट बघतो. पंधरा दिवसांचा माल गोडाऊनात ४ लाख, दुकानदारांकडे तेवढीच उधारी, क्लेममध्ये लाखभर, वर डिपॉझिट. झाले १० लाख. वर्षाला मिळणार १ लाख ३२ हजार, आणि बँकेचं सीसी कर्ज ११ टक्क्यांनी घेतलं तर १ लाख १० हजार व्याजातच. राहिले २२ हजार, तेपण बाराही महिने टार्गेट झालं तर!

ते होतं का, हे विचारायला जुन्या एजन्सीवाल्याकडे गेलो. त्याने संगणकावर दुकानांना गेलेल्या मालाचा हिशोब दाखवला (कंपनीने त्याला किती टाकला ते बघू नका, दुकानात किती गेला ते बघा). मे महिन्यात ९ लाख, जुलैत जेमतेम ५. चाकरमानी नाहीत, पर्यटक नाहीत, घेणार कोण? ५ लाखांवर मार्जिन २५ हजार नि खर्च तोच २९, म्हणजे महिना खिशातून. वर महिनाअखेरीला न मागता माल यायचा, ऑफिसरचं टार्गेट भरायला. त्याच्या गोडाऊनात खालच्या थरातला खोका उचलला तर तळ हातात आला, भिंतीला ही ओल. मुदत संपलेला माल कंपनी परत घ्यायची, पण असा भिजलेला "तुमच्या गोडाऊनचं डॅमेज" म्हणून नाकारायची.

मी तीन गोष्टी लेखी मागितल्या. टार्गेट पावसाळ्यात कमी, एजन्सी सोडल्यावर डिपॉझिट ६० दिवसांत परत, आणि सही केलेला कोरा चेक देणार नाही. ऑफिसर म्हणाला हेड ऑफिसला विचारतो, नंतर फोनच नाही.

एजन्सी दुसऱ्या एकाने घेतली. मी आता त्याच्याकडूनच माल उचलतो, पंधरा दिवसांच्या उधारीवर.