थंडीत पोटॅशियम नायट्रेटचे द्रावण करताना विद्राव्यता आलेख कसा वाचावा

ठिबकमधून १३-०-४५ म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट सोडणाऱ्यांनी रात्रीचा पारा उतरू लागला की पिंपातील द्रावणाचे प्रमाण बदलावे. या खताच्या विद्राव्यता आलेखात आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम खत विरघळते ते दिलेले असते. ही रेषा तीव्र चढाची असून ३० अंश सेल्सिअसला सुमारे ४६ ग्रॅम, २० अंशांना ३२ ग्रॅम, तर १० अंशांना केवळ २१ ग्रॅम खत विरघळते.

समजा, २०० लिटर पाण्यात ६० किलो खत टाकले, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यास ३० ग्रॅम झाले. हा बिंदू २० अंशांच्या रेषेखाली जेमतेम बसतो. रात्री द्रावण १० अंशांवर आले तर ४२ किलोच विरघळलेले राहू शकते आणि उरलेले १८ किलो सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने तळाशी बसते. वरचे संपृक्त द्रावण नितळच दिसते, त्यामुळे पिकाला मात्रा कमी जाते आहे हे लक्षात येत नाही.

कधी कधी पहाटे पिंपात काहीच बसलेले नसते, पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. द्रावण अतिसंपृक्त असेल, म्हणजे त्या तापमानाच्या मर्यादेपेक्षा जास्त खत त्यात विरघळलेलेच राहिले असेल, तर ढवळल्याने किंवा कचऱ्याचा एखादा कण पडल्याने स्फटिक धरू लागतात, आणि हे फिल्टरमध्ये घडले तर जाळी तुंबते. खात्रीसाठी थोडे द्रावण काचेच्या बाटलीत घेऊन लगेच, ते कोमट होण्याआधी, त्यात त्याच खताचे दोन-चार दाणे टाकावेत: ते विरघळले तर द्रावणात अजून वाव आहे, तसेच राहिले तर ते संपृक्त आहे, आणि दाण्यांभोवती नवे स्फटिक वाढू लागले तर ते अतिसंपृक्त आहे.

आणखी एक गोष्ट हमखास फसवते. हे खत विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेते, त्यामुळे दाट द्रावण करताना पिंप बाहेरून हाताला गार लागते आणि पाण्याचे तापमान दहा अंशांहूनही अधिक घसरू शकते. तळाशी राहिलेले खत पाहून त्यात भेसळ असल्याचा संशय घेतला जातो, पण बहुधा दोष तापमानाचा असतो. म्हणून हवेचे नव्हे, खत टाकल्यानंतरच्या द्रावणाचे तापमान मोजावे, खत दोन-तीन हप्त्यांत टाकावे आणि मधल्या वेळात पिंप उन्हात ठेवावे. हे खत आगीला जोर देणारे असल्याने त्याच्याजवळ जाळ करू नये.

रात्री द्रावण १० अंशांपर्यंत उतरत असेल तर २०० लिटर पाण्यास ४२ ऐवजी ३५ किलोच घ्यावे. मात्रा तीच राखण्यासाठी ६० किलोच्या द्रावणाच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट द्रावण सोडावे लागेल. आलेख एकट्या क्षाराचा असतो. त्याच पिंपात पोटॅशचे दुसरे खत मिसळल्यास ही मर्यादा आणखी खाली येते.