टॅलीतून ईआरपीत जाताना: खातेयादी आणि कॉस्ट सेंटर आधी कसं लावावं

ईआरपी विकणारे पहिल्याच बैठकीत सांगतात, "तुमची लेजरची यादी एक्सेलमध्ये द्या, आम्ही चढवतो." ती यादी तशीच देऊ नका. टॅलीत वर्षानुवर्षं साठलेल्या यादीत खर्चाचा प्रकार, विभाग, माणूस, यंत्र आणि कधीकधी गाडीचा नंबरसुद्धा एकाच नावात कोंबलेला असतो. ईआरपीत या प्रत्येक गोष्टीला स्वतःची जागा आहे. जुनी यादी जशीच्या तशी गेली की त्या जागा रिकाम्या राहतात आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी टॅलीच चालू राहते.

उदाहरण म्हणून चाकणचा एक वाहनभाग बनवणारा कारखाना घेऊ. दोन शेड, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, असेंब्ली आणि पुण्यात छोटं ऑफिस. आज टॅली वापरतात, उद्या ईआरपीनेक्स्ट बसवायचं आहे. सॉफ्टवेअर दुसरं असलं तर पडद्यावरची नावं बदलतील, काम हेच राहील.

पहिलं काम: जुनी यादी फोडा

गेल्या दोन वर्षांची लेजरवार ट्रायल बॅलन्स एक्सेलमध्ये काढा. दोन्ही वर्षांत एकही नोंद नसलेली आणि शिल्लक शून्य असलेली खाती बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक खात्यापुढे तीन रकाने करा: खर्च कशाचा, कुठल्या विभागाचा, कोणाला दिला.

'डिझेल जनरेटर शेड २' हे खातं घ्या. खर्च कशाचा? वीज आणि इंधनाचा. विभाग? शेड २ ची युटिलिटी. म्हणजे नव्या यादीत खातं एकच, 'वीज व इंधन', आणि 'युटिलिटी शेड २' हे कॉस्ट सेंटर. 'दुरुस्ती सीएनसी ४' चं खातं होतं 'यंत्रदुरुस्ती', कॉस्ट सेंटर होतं 'मशिनिंग', आणि चौथ्या क्रमांकाचं यंत्र मालमत्तेच्या नोंदीत जातं. ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावानं खर्चाचं खातं असेल तर तो माणूस पुरवठादारांच्या यादीत जातो आणि खर्च 'मालवाहतूक' मध्ये.

हे काम अकाउंटंटला एकट्याला बसवून करू नका. 'इतर खर्च फॅक्टरी' या नावाखाली नेमकं काय टाकलं जातं ते स्टोअरवाल्याला माहीत असतं. शंका आली की नावावर विसंबू नका, त्या खात्यातली दहा-बारा व्हाउचर उघडून बघा.

ग्राहक आणि पुरवठादार या यादीतून पूर्णपणे बाहेर जातात. टॅलीत प्रत्येक पार्टी हे एक लेजर असतं. ईआरपीत सगळ्या ग्राहकांचं मिळून एक येणं खातं असतं आणि पार्टीचं नाव नोंदीत वेगळं लागतं. पुरवठादारांची मात्र दोन देणी खाती ठेवा, सूक्ष्म व लघु उद्योगांचं एक आणि बाकीच्यांचं एक. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे ताळेबंदात ही विभागणी दाखवावीच लागते. मार्चनंतर एकेका पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र शोधत बसण्यापेक्षा ते आत्ताच मागून घ्या.

दुसरं काम: नवी यादी ताळेबंदाकडून खाली उतरवा

खात्यांची वरची फांदी स्वतःच्या कल्पनेनं रचू नका. परिशिष्ट ३ मधल्या नफा-तोटा पत्रकाच्या ओळी समोर ठेवा: वापरलेला कच्चा माल, साठ्यातला फरक, कर्मचारी खर्च, व्याज व वित्तखर्च, घसारा, इतर खर्च. प्रत्येक ओळ हा एक ग्रुप आणि त्याखाली खाती. 'इतर खर्चा'त वीज व इंधन, भाडं, इमारतदुरुस्ती, यंत्रदुरुस्ती, विमा, कर व फी ही स्वतंत्र ठेवावीत, कारण ती वेगळी दाखवायची असतात. शिवाय भारतीय लेखामानकांवर न जाणाऱ्या कंपन्यांत एखादा खर्च उलाढालीच्या १ टक्का किंवा १ लाख रुपये, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेला तर तोही वेगळा दाखवावा लागतो. खातं काढावं की नाही हे ठरवायला एवढी कसोटी बहुतेक वेळा पुरते.

क्रमांक देताना अंतर सोडा. यंत्रदुरुस्ती ६२१० असेल तर इमारतदुरुस्ती ६२२० करा, मधली जागा पुढे लागते. ग्रुप कुठला आणि प्रत्यक्ष नोंद होणारं खातं कुठलं हेही आधीच पक्कं करा. ईआरपीनेक्स्टमध्ये एखाद्या खात्यात नोंद पडली की त्याचा ग्रुप करता येत नाही. 'यंत्रदुरुस्ती'खाली पुढे पोटखाती लागतील असं वाटत असेल तर 'यंत्रदुरुस्ती'च आजच ग्रुप म्हणून उघडा.

तिसरं काम: साठ्याची खाती नीट समजून घ्या

घोटाळा बहुतेक इथेच होतो. अनेक कारखान्यांत टॅलीत खरेदीचं बिल सरळ 'खरेदी' खात्याला नावे पडतं आणि महिनाअखेरीस किंवा वर्षअखेरीस शिल्लक साठ्याचा आकडा टाकला जातो. ईआरपीत साठ्याचा हिशोब सतत चालू असतो. माल गेटमधून आत आला, स्टोअरनं पावती केली की लगेच हिशोबात नोंद पडते, बिल आलेलं असो वा नसो.

समजा ८०,००० रुपयांचे स्टीलचे बार आले. स्टोअरच्या पावतीनं साठा ८०,००० नावे आणि `Stock Received But Not Billed` हे खातं ८०,००० जमा होतं. पुढच्या आठवड्यात १८ टक्के जीएसटीसह बिल येतं. तेव्हा तेच खातं ८०,००० नावे, सीजीएसटी ७,२०० आणि एसजीएसटी ७,२०० नावे, आणि पुरवठादार ९४,४०० जमा. मधलं खातं शून्यावर येतं. या सगळ्यात 'खरेदी' खातं कुठेच लागत नाही.

आता अकाउंटंटनं जुन्या सवयीनं पावती न जोडता बिल सरळ 'खरेदी' ला टाकलं, तर ८०,००० साठ्यातही राहतात आणि खर्चातही जातात, आणि मधल्या खात्यात तेवढीच रक्कम जमा बाजूला लोंबकळत राहते. ओळखायची खूण सोपी आहे. महिनाअखेरीस त्या खात्याची शिल्लक आणि 'माल आला, बिल बाकी' ही यादी जुळलीच पाहिजे. तीन-चार महिन्यांपूर्वीची पावती त्यात दिसली तर बिल एकतर आलेलं नाही किंवा भलतीकडे पडलंय. माझं मत विचाराल तर साठ्यातल्या वस्तूंसाठी 'खरेदी' हे खातं नव्या यादीत ठेवूच नये. समोर दिसलं की हात तिकडेच जातो.

चौथं काम: कॉस्ट सेंटर माणसावरून ठरवा

मालक मंडळींना प्रत्येक यंत्राचं कॉस्ट सेंटर हवं असतं, विक्रीवाल्यांना प्रत्येक ग्राहकाचं. दोन्ही टाळा. यंत्राचा खर्च मालमत्तेच्या आणि देखभालीच्या नोंदीतून निघतो, ग्राहकाचा नफा विक्रीच्या नोंदीतून. कॉस्ट सेंटर तिथेच काढावं जिथे खर्च वाढला की जाब विचारायला एक ठरावीक माणूस आहे. आपल्या कारखान्यात मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, असेंब्ली, दोन युटिलिटी, टूलरूम, गुणवत्ता, स्टोअर आणि पुणे ऑफिस एवढी नऊ पुरेत.

युटिलिटीचं उदाहरण जरा सविस्तर बघू. एका शेडला महावितरणचं ६,४०,००० रुपयांचं बिल आलं, ६४,००० युनिटचं. अकाउंटंटनं बिल पूर्णपणे युटिलिटीला टाकावं, त्या क्षणी वाटणी करत बसू नये. महिना संपला की सब-मीटर बघा: मशिनिंग ३२,०००, हीट ट्रीटमेंट २४,०००, असेंब्ली ५,०००. युनिटला सरासरी १० रुपये धरून एकच जर्नल नोंद करा. त्यात खातं सगळीकडे 'वीज व इंधन'च राहतं, फक्त युटिलिटी ६,१०,००० जमा आणि तिन्ही विभाग ३,२०,०००, २,४०,००० व ५०,००० नावे. खात्याची एकूण रक्कम हलत नाही, विभाग हलतो.

उरलेले ३०,००० कुठेही पसरू नका. ते ३,००० युनिट सब-मीटर नसलेल्या दिव्यांनी आणि कॉम्प्रेसरनं खाल्ले. युटिलिटीवर ते तसेच दिसू द्या. एखाद्या महिन्यात हा आकडा दुप्पट झाला तर हवेची गळती शोधायला देखभालवाला स्वतःहून जाईल. ठरावीक टक्क्यांनी आपोआप वाटणी करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती भाड्यासारख्या खर्चाला ठीक. विजेला लावली तर हीट ट्रीटमेंटची भट्टी महिनाभर बंद असली तरी तिच्यावर बिल पडत राहील.

पाचवं काम: 'Main' रिकामं ठेवा

ईआरपीनेक्स्टमध्ये कंपनी उघडली की `Main` नावाचं कॉस्ट सेंटर आपोआप तयार होतं आणि तेच डिफॉल्ट असतं. नफा-तोट्याच्या प्रत्येक नोंदीला कॉस्ट सेंटर सक्तीचं आहे, त्यामुळे कोणी काही न निवडलं की रक्कम गुपचूप `Main` मध्ये जाते. नोंद होते, एररही येत नाही, आणि सहा महिन्यांनी विभागवार अहवाल काढला की निम्मा खर्च तिथे सापडतो. म्हणून वस्तूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मास्टरमध्ये योग्य कॉस्ट सेंटर आधीच भरा आणि पहिल्या महिन्यात `Main` ची शिल्लक दर आठवड्याला बघा.

सहावं काम: एक जुना महिना पुन्हा चालवा

चाचणीच्या सिस्टिमवर गेल्या वर्षीचा एक नेहमीसारखा महिना घ्या आणि त्यातली खरी व्हाउचर नव्या यादीनं टाका. सगळी नको. पगार, वीजबिल, जॉबवर्क, माल परत पाठवणं, भंगारविक्री, आगाऊ रक्कम, रिव्हर्स चार्जचं एखादं बिल असे प्रकार मात्र सगळे आले पाहिजेत. हे टाकणारा माणूस सल्लागार नको, रोज नोंदी करणाराच हवा. 'हे कुठे टाकू?' असं तो जिथे थांबेल तिथे यादीत एक तर भोक आहे किंवा दोन खाती एकमेकांवर चढलीत.

सुरुवातीच्या शिल्लका चढवताना `Temporary Opening` खात्याचा आधार घेतात. साठा, येणी, देणी, बँक, मालमत्ता सगळं चढल्यावर ते शून्य झालं पाहिजे. दोन रुपये उरले म्हणून 'किरकोळ' मध्ये टाकू नका, दोन रुपयांच्या मागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. १ एप्रिलला सुरुवात केली तर फक्त ताळेबंदाच्या शिल्लका लागतात. १ ऑक्टोबरला केली तर सहा महिन्यांचा खर्च-उत्पन्नही आणावा लागतो, आणि त्याची विभागवार फोड जुन्या टॅलीत नसते. ती ओढूनताणून करू नका. 'मागील महिने' असं एक कॉस्ट सेंटर उघडून सगळं तिथे ठेवा आणि ते मार्चनंतर बंद करा.

सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवं खातं किंवा कॉस्ट सेंटर उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, शक्यतो फायनान्स प्रमुखाकडे. खातं मागणाऱ्यानं आधीच्या कुठल्या खात्यात ही नोंद का बसत नाही ते एका ओळीत लिहून द्यायचं. बहुतेक विनंत्या ती ओळ लिहितानाच मागे घेतल्या जातात.