फेरी, पोदेर आणि मीरामारचा सूर्यास्त : एआय व्हिडिओचे प्रॉम्प्ट असे लिहा

पणजीत राहून एआय व्हिडिओ शिकणाऱ्या नवीन मुलांसाठी लिहितोय. शब्द नाही, व्हॉइसओव्हर नाही, फक्त पाच-सात सेकंदांच्या तीन क्लिप आणि त्यातून एक दिवस दिसला पाहिजे, तर प्रॉम्प्ट कसे लिहायचे ते सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं, वेगवेगळे प्रॉम्प्ट टाकलेत की टूलला आधीची क्लिप आठवत नाही. त्यामुळे प्रकाश प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये नव्याने लिहायचा, आणि नुसतं 'सुंदर प्रकाश' नाही, कुठून येतो, कडक की मऊ, सावली किती लांब हे लिहायचं. उदाहरणार्थ ओल्ड गोव्याहून दिवाडी बेटावर जाणारी सकाळची फेरीबोट. ती साधारण उत्तरेकडे जाते, म्हणजे कॅमेरा पुढे बघत असेल तर सूर्य उजवीकडून येणार. मी लिहितो, 'डिसेंबरची सकाळ, मांडवीवर धुकं, उजवीकडून तिरका मऊ प्रकाश, कॅमेरा फेरीच्या कठड्याशी स्थिर, काठावरची झाडं फ्रेममध्ये हळूहळू मोठी होतात.' एका क्लिपला एकच हालचाल, बरं का. झूम पण हवा आणि पॅन पण हवा असं केलंत की पाणी जेलीसारखं हलतं.

दुसरी क्लिप फोंताइन्यशची गल्ली, दुपार उलटलेली. इथे सायकलवरून पाव विकणारा पोदेर दाखवायचाय, पण 'पोदेर' लिहून टूलला काही कळत नाही, मग जे दिसतं ते लिहायचं, सायकल, मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, मागे पिवळी भिंत, सायकल डावीकडून उजवीकडे फ्रेमबाहेर जाते. तिसरी मीरामार, सूर्य समुद्रात बुडतोय, एक होडी डावीकडूनच आत येते, सायकलच्याच वेगाने. ट्रान्झिशन म्हणजे हेच! 'फेड' किंवा 'कट' प्रॉम्प्टमध्ये लिहिलं तर टूल क्लिपच्या मध्येच चित्र वितळवून टाकतं, खरा कट एडिटिंगमध्येच होतो, प्रॉम्प्टने फक्त दिशा आणि वेग जुळवून द्यायचा.

क्लिप बऱ्याचदा सुरुवातीला अडखळते, शेवटी आकार बिघडतात, म्हणून हवी त्यापेक्षा एखादा सेकंद लांब बनवा आणि दोन्ही टोकं छाटा. मग एका क्लिपची शेवटची फ्रेम आणि पुढचीची पहिली फ्रेम शेजारी ठेवून बघा. सायकल उजव्या कडेला आणि होडी डाव्या कडेला असेल तर कट बसतो, आणि होडी उलट्या दिशेने येत असेल तर डोळा लगेच अडकतो, असं असेल तर रंग जुळवत बसू नका, प्रॉम्प्टमधली दिशा बदलून क्लिप परत काढा.

मूडसाठी 'उदास' 'रम्य' असले शब्द मी टाळतो कारण त्यांनी नुसता नारिंगी रंग चढतो, त्याऐवजी माणसं कमी, हालचाल हळू, सावल्या लांब असं लिहिलं की काम होतं. आणि फोंताइन्यशमध्ये टाइलवरच्या रस्त्यांच्या पाट्या फ्रेममध्ये घेऊ नका, अक्षरं हमखास वेडीवाकडी येतात, कॅमेरा सायकलच्या चाकाच्या उंचीवर ठेवा म्हणजे पाटी वरच राहते.