पाण्याचा निरोप आणि प्रश्नचिन्हांची रांग

नागपुरात मनीषनगरला आमची ४२ घरांची सोसायटी आहे. टँकर-नळाचे एसएमएस मीच पाठवतो. एकदा सगळ्यांना गेलेल्या निरोपाची शेवटची ओळ अशी उमटली:

```
????? ?? ????? 6 ?? 7. ???? ???? ????.
```

खालच्या काकूंनी जिन्यातच गाठलं, "काहून जी भाऊ, नुसते प्रश्नच विचारले?"

आकडे आणि टिंबं शाबूत होती, म्हणजे गडबड फक्त देवनागरीची. एसएमएस पाठवायच्या सेवेत मजकुराचा प्रकार साधा राहिला होता. साध्या एसएमएसच्या अक्षरसंचात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाजागी एक प्रश्नचिन्ह बसलं. 'उद्या'ची पाच झाली, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: उ, द, ्, य, ा. प्रकार युनिकोड केला आणि मराठी नीट उमटलं.

मग बिल आलं. ४२ निरोपांचे १२६ भाग लागले!

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या सात बिटांच्या अक्षरांत ती १६० चिन्हं होतात, युनिकोडमध्ये एका चिन्हाला दोन बाइट, म्हणून ७०. एकाहून जास्त भाग झाले की जोडणीची माहिती सहा बाइट खाते आणि प्रत्येक भागात ६७ च उरतात. इंग्रजी निरोपात एक मराठी अक्षर घातलं तरी हीच मर्यादा लागते.

माझा मजकूर १३८ चिन्हांचा होता. दोन भागांत १३४ मावतात, म्हणजे चार चिन्हांपायी तिसरा भाग. 'सर्व सन्माननीय सभासदांना' वगैरे नमनाचं तेल काढून टाकलं:

```
उद्या नळ सकाळी 6 ते 7. टाकी भरून ठेवा.
```

३८ चिन्हं, एकच भाग. मजकूर बदलला म्हणून टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला एसएमएसचा नमुना, तेवढं पुन्हा मंजूर करून घ्यावं लागलं.