उसाची काटापावती वाचून बिल कसे तपासावे

कारखान्याच्या काट्यावर वाहनाचे वजन दोनदा होते. प्रथम उसाने भरलेल्या वाहनाचे, आणि गव्हाणीत ऊस उतरवल्यावर रिकाम्या वाहनाचे. पावतीवर पहिले वजन ‘ग्रॉस’ किंवा ‘भरलेले’, दुसरे ‘टेअर’ किंवा ‘रिकामे’ आणि दोहोंतील फरक ‘नेट’ किंवा ‘निव्वळ’ म्हणून छापलेला असतो.

सर्वप्रथम ही वजाबाकी स्वतः करावी. समजा, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचे भरलेले वजन 26,480 किलो व रिकामे 7,130 किलो आहे. तर ऊस 19,350 किलो, म्हणजे 19.350 टन भरतो.

त्यानंतर रिकाम्या वजनाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शेतकरी सहसा भरलेला आकडाच पाहून समाधान मानतो. पावतीवर दोन्ही वजनांची वेळ असल्यास त्यांत रांग आणि उतराई यांना साजेसे अंतर हवे. दोन्ही वेळा एकच असतील, तर रिकामे वाहन काट्यावर न घेता संगणकात साठवलेले जुने वजन वापरले असण्याची शक्यता असते. वरच्या उदाहरणात रिकामे वजन 7,130 ऐवजी 7,370 धरले, तर 240 किलो ऊस कागदावरून नाहीसा होतो आणि टनाला 3,100 रुपये दर असल्यास त्या एका खेपेत 744 रुपये कमी मिळतात. म्हणून त्याच वाहनाच्या आधीच्या पावत्यांशी रिकामे वजन ताडून पाहावे. डिझेल, चिखल किंवा चालक खाली उतरला होता की नाही, यामुळे थोडा फरक पडतो. मात्र मोठा फरक दिसल्यास ट्रॉली बदलली होती का, हे आधी चालकाला विचारावे.

आता पावती बिलाशी लावावी. बिल बहुधा पंधरवड्याचे असते, त्यामुळे त्या काळातील सर्व पावत्यांच्या निव्वळ वजनांची बेरीज करून ती बिलातील टनांशी जुळवावी. बिलातील टन बेरजेपेक्षा कमी आढळल्यास बांधणीच्या वाढ्यांपोटी किंवा यंत्राने तोडलेल्या उसातील पाचटापोटी वजावट केली आहे का, हे पाहावे आणि तिचा टक्का लेखी मागावा. एखादी खेप चुकून दुसऱ्याच्या खात्यावर गेली असेल, तर तीही या बेरजेतच उघड होते.

काट्याविषयीच शंका असल्यास बाहेरच्या एकाच काट्यावर भरलेले आणि रिकामे अशी दोन्ही वजने करावीत. भरलेले बाहेर व रिकामे कारखान्यात, अशा मिश्र तुलनेत दोन काट्यांमधला फरकही निव्वळ वजनात मिसळतो. बाहेरचे वजन कारखान्यात पोहोचण्याच्या थोडे आधीच करावे, कारण रांगेत उभा राहिलेला तोडलेला ऊस वाळून हलका होतो.